फोटोतलं समीकरण न दिसणाऱ्या मुलीला वाचून कसं दाखवायचं?

*"शेजारची मुलगी दहावीत आहे, तिला दिसत नाही. मैत्रिणी फळ्याचे फोटो पाठवतात आणि मी वाचून दाखवतो. साधी गणितं जमतात, पण वर्गसमीकरणाचं सूत्र आलं की दरवेळी तिचं उत्तर भलतंच येतं. मी तर जसं दिसतं तसंच वाचतो. चुकतंय कुठे?"*

जसं दिसतं तसं वाचताय ना, तिथेच गडबड होतेय. मी बरीच वर्षं दृष्टिहीन मुलांसाठी गणित वाचतो आणि हे सूत्र वाचताना जवळजवळ प्रत्येक नवा वाचक इथेच अडकतो. मुलगी चुकत नाहीये, तिने जे ऐकलं ते बहुतेक बरोबरच सोडवलंय.

समजा फोटोत 2x² + 5x − 3 = 0 आहे आणि खाली सूत्रात किमती घातल्यात. टाइप केलं तर ते असं दिसेल:

```
x = (-5 ± √(5² - 4×2×(-3))) / (2×2)
```

फळ्यावर यातले बाहेरचे कंस नसतात. त्यांचं काम दोन आडव्या रेघा करतात, एक भागाकाराची लांब रेघ आणि दुसरी वर्गमूळाच्या चिन्हावरची. आपण वाचतो "एक्स इज इक्वल टू मायनस फाइव्ह प्लस मायनस अंडर रूट फाइव्ह स्क्वेअर मायनस फोर इनटू टू इनटू मायनस थ्री अपॉन टू इनटू टू". सगळी चिन्हं आली, पण त्या दोन रेघा किती लांब आहेत ते कुठेच आलं नाही. डोळ्याला ते एका क्षणात कळतं म्हणून आपल्याला ते सांगायचं सुचतच नाही.

आता तिच्या उत्तरावरून तिला काय ऐकू गेलं ते ओळखता येतं, हे करून बघाच. खरी उत्तरं 1/2 आणि −3. तिचं उत्तर −3.25 आणि −6.75 आलं तर तिने भागाकाराची रेघ फक्त वर्गमूळाखाली धरली, म्हणजे −5 बाहेर राहिला आणि 7 ला 4 ने भागलं. उत्तर 6 आणि 3.5 आलं तर वर्गमूळ 5 च्या वर्गावरच संपलं असं तिला वाटलं, मग 24 वर्गमूळाबाहेर राहिले आणि अंशात 24 आणि 14 मिळाले. आणि 2 आणि −12 आलं तर छेदातला दुसरा 2 छेदात गेलाच नाही, आधी 2 ने भागून मग 2 ने गुणलं गेलं. तीनही वेळा आकडेमोड बरोबर आहे.

उपाय म्हणजे जे काही उघडतं ते बंद झालं असं तोंडाने म्हणायचं. मी हेच सूत्र असं वाचतो:

"एक्स बरोबर. अपूर्णांक सुरू. अंशात, ऋण पाच, अधिक किंवा वजा, वर्गमूळ सुरू, पाचचा वर्ग, वजा, चार गुणिले दोन गुणिले, कंस सुरू, ऋण तीन, कंस पूर्ण, वर्गमूळ पूर्ण. अंश संपला. छेदात, दोन गुणिले दोन. अपूर्णांक पूर्ण."

लांबलचक वाटतं, पण त्यात दुसरा अर्थ निघूच शकत नाही. तिची शाळा सेमी इंग्लिश असेल तर इंग्रजी शब्द वापरा, काही हरकत नाही, फक्त सुरू आणि पूर्णचे शब्द दोघांनी आधी ठरवून घ्या आणि मग बदलू नका. आणि आकड्याला चिकटलेलं मायनस ऋण, दोन पदांमधलं मायनस वजा, एवढा फरक जरूर ठेवा, कारण या उदाहरणात दोन्ही जवळजवळ येतात.

ही पद्धत माझ्या डोक्यातली नाही. अमेरिकेतले अब्राहम नेमेथ स्वतः दृष्टिहीन गणितज्ञ होते, गणिताची ब्रेल लिपी त्यांनी बसवली (नेमेथ कोड, 1952) आणि गणित बोलून दाखवायची रीतही घालून दिली, तिच्यात हेच सुरू आणि पूर्णचे शब्द आहेत. ब्रेलमध्ये सगळं एकाच ओळीत येतं, वर-खाली रेघ नाही, म्हणून तिथे अपूर्णांक आणि वर्गमूळ उघडायच्या आणि बंद करायच्या वेगळ्या खुणाच असतात. म्हणजे तुम्ही "वर्गमूळ पूर्ण" म्हणालात की मुलीला ती खूण लिहायला मिळते, नाही म्हणालात तर तिने ती कुठे द्यायची? आपल्या पुण्यात वाढलेले टी. व्ही. रामन, तेही दृष्टिहीन, त्यांनी 1994 च्या पीएचडीत गणित आवाजात वाचणारी यंत्रणा केली, तिच्यात घात वरच्या पट्टीत ऐकू येतो. आपणही घात वाचताना आवाज किंचित वर नेला तर फायदा होतो, पण नुसत्या आवाजावर विसंबू नका, फोनवर किंवा गोंगाटात तो फरक कळत नाही. घातात एकापेक्षा जास्त पदं असतील, म्हणजे 2 चा घात n + 1 असं काही, तर "घातात, एन अधिक एक, घात संपला" असंच म्हणायचं.

वाचायला सुरुवात करण्याआधी मात्र एका वाक्यात आकार सांगा. "डावीकडे नुसता एक्स आहे, उजवीकडे एकच मोठा अपूर्णांक, वर्गमूळ अंशात आहे, छेद लहान आहे." मग तिला कुठे जायचंय ते आधीच माहीत असतं आणि ती तुकडे नीट लावते. त्यानंतर पूर्ण वाचन, आणि मग लिहून घेण्यासाठी तुकड्या-तुकड्याने. ती ब्रेल पाटीवर लिहीत असेल तर इथे घाई नकोच, कारण पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचत जायचं असतं आणि वाचायला कागद काढून उलटा करावा लागतो, त्यामुळे "थांब थांब, मघाचं चार नव्हतं" हे आपल्याला एक वाक्य पण तिला अख्खी ओळ परत लिहायला लागते. मोठे आकडे दोनदा सांगा, एकोणसाठ, पाच नऊ. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी ऐकताना फार सहज गल्लत होते.

कळलं का असं विचारू नका, ती हो म्हणेल. विचारा, "−5 च्या खाली छेद आहे का?" किंवा "−3 वर्गमूळाच्या आत की बाहेर?" या दोन प्रश्नांत सगळं समजतं.

आणखी एक मोह टाळा. वाचता वाचता "म्हणजे पंचवीस अधिक चोवीस" असं आपण सोडवून टाकतो. फळ्यावर ते नसेल तर म्हणू नका, ती पायरी तिची आहे आणि तिचे मार्कही त्याच पायरीला आहेत.

फोटोत अक्षर पुसट असेल, 3 की 8 कळत नसेल, कडेला ओळ कापली गेली असेल, तर अंदाजाने एक आकडा वाचू नका. "इथे 3 किंवा 8 आहे, मला 3 वाटतो" असं सरळ सांगा आणि मैत्रिणीकडून परत फोटो मागवा. वर्गमूळावरची रेघ कुठे संपते ते झूम करून मुद्दाम बघा, घाईत लिहिताना फळ्यावर ती बऱ्याचदा अर्धीच ओढलेली असते. तशी दिसली तर वरच्या ओळीतलं मूळ समीकरण बघून ताळा करा, b² − 4ac पूर्ण आत असायला हवं, आणि तिलाही सांगा की रेघ अर्धीच आहे पण सूत्राप्रमाणे ती शेवटपर्यंत धरायची.

रेकॉर्डिंग पाठवणार असाल तर एका ओळीला एक व्हॉइस नोट करा आणि सुरुवातीला गणिताचा नंबर, ओळीचा नंबर सांगा. दहा मिनिटांच्या एका लांब नोटमध्ये तिसरी ओळ परत शोधायची म्हणजे तिला अंदाजाने मागेपुढे करत बसावं लागतं.