हेडफोनचा रिव्ह्यू आणि ‘वेअर इज युवर ओपिनियन?’

> “इंग्रजीच्या इंटरमिजिएट क्लासला होमवर्क होता: वापरात असलेल्या हेडफोनचा रिव्ह्यू लिहा, स्वतःचं मत द्या, कोणाला घ्यायला सांगाल तेही लिहा, १५० शब्द. माझ्याकडे सोनीचा डब्ल्यूएच-सीएच५२० आहे. बॅटरी, वजन, ब्लूटूथ, चार्जिंग सगळं लिहिलं, चार वेळा ‘आय थिंक’ पण घातलं. मॅडमनी खाली ‘वेअर इज युवर ओपिनियन?’ एवढंच लिहून परत दिलं. अजून काय हवं असतं?”

हाच शेरा माझ्याही कागदावर होता, म्हणून लिहायला बसले. आधीच सांगते, मी शिक्षिका नाही, कुठल्या कंपनीशी माझा संबंध नाही, आणि तुमच्या मॅडमना नेमकं काय हवंय ते शेवटी त्याच सांगणार. परिच्छेद, काळ, स्पेलिंग हे तुम्हाला येत असणार असं धरून चालते.

५० तासांची बॅटरी, १४७ ग्रॅम वजन, ३ मिनिटं चार्ज केलं की दीड तास चालतो, ही सगळी खोक्यावरची माहिती आहे. ती तुमच्याआधी दुकानदाराला पाठ असते. ‘आय थिंक द बॅटरी लाइफ इज फिफ्टी अवर्स’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला हसूच येणार, कारण आकडा कंपनीचा आहे, त्यात तुम्हाला वाटायचा प्रश्न येतो कुठे? मत सुरू होतं ते या आकड्याचं तुमच्या दिवसात काय होतं तिथून. समजा तुम्ही रोज दोन तास ऐकता. मग ५० तास म्हणजे जवळजवळ साडेतीन आठवडे. ३० तासवाला हेडफोन असता तरी दोन आठवडे निघाले असते, आणि चार्जर काही घरातून पळून जात नाही. म्हणून ‘बॅटरी भरपूर आहे, पण निव्वळ बॅटरीसाठी मी हा घेतला नसता’, हे मत झालं. रोज लोकलने डोंबिवली ते चर्चगेट करून वर दिवसभर कॉल घेणारा माणूस याच्याशी कडाडून भांडेल. भांडू दे. ज्यावर कोणी वादच घालू शकत नाही असं वाक्य ओपिनियनच्या रकान्यात मोजलं जात नाही, हा माझा अनुभव.

आता आवाजाकडे येऊ, कारण सगळे तिथेच ‘साउंड क्वालिटी इज व्हेरी गुड’ लिहून मोकळे होतात. ‘गुड’ म्हणजे काय हे सांगायला मशीन लागत नाही. तबल्याची साथ असलेलं, तोंडपाठ असलेलं एखादं गाणं लावा. डग्गा घुमतो तेव्हा गायकाचे शब्द स्पष्ट राहतात की त्याखाली दबतात, एवढंच ऐका. मग दोन्ही कप तळव्यांनी हलकेच कानांवर दाबा आणि तीच ओळ पुन्हा लावा. दाबल्यावर डग्ग्याचा घुमार एकदम वाढला, तर तुमच्या कानावर कप नीट बसत नाहीये. कप आणि कान यांच्यात फट राहिली की सगळ्यात आधी खालचे सूर निसटतात. चष्म्याची काडी, जाड केस, कानातली रिंग, यातलं काहीही पुरतं. हा हेडफोन कानावर टेकणारा आहे, कानाला पूर्ण वेढा घालणारा नाही, त्यामुळे इथे हे जास्त जाणवतं.

रिव्ह्यूसाठी याचा उपयोग असा. ‘बेस कमी आहे’ असं लिहिणारा माणूस पुष्कळदा स्वतःच्या चष्म्याचा रिव्ह्यू लिहीत असतो. दाबून बघितल्यावर तुम्ही लिहू शकता की चष्मा काढला तर आवाज भरीव लागतो, चष्मा घातला की पातळ होतो, आणि मला चष्म्याशिवाय स्क्रीन दिसत नाही, म्हणून माझ्यासाठी हा आवाज मध्यमच. बघा, या एका वाक्यात निरीक्षण आहे, कारण आहे आणि मतही आहे, ‘आय थिंक’ एकदाही न लिहिता. चष्मा नसलेल्या वाचकालाही कळतं की ही तक्रार त्याच्यासाठी नाही. ‘कोणाला घ्यायला सांगाल’ याचं अर्धं उत्तर इथेच मिळून जातं.

तशीच दुसरी परीक्षा, बाहेर आवाज किती जातो याची. नेहमीच्या आवाजावर गाणं लावा आणि बहिणीला किंवा रूममेटला हातभर अंतरावर पुस्तक घेऊन बसवा. तिला गाणं ओळखता आलं तर वाचनालयासाठी हा हेडफोन नाही, एवढं ठामपणे लिहा. यात नॉइज कॅन्सलिंग नाही, ही झाली माहिती. बसमध्ये इंजिनाच्या घरघरीवर मात करायला आवाज दोन घरं वाढवावा लागतो आणि मग शेजारच्याला फुकट मैफल, हे झालं मत.

आणि कृपा करून कॉलचा आवाज आणि गाण्याचा आवाज एकत्र करू नका. लॅपटॉपवर ऑनलाइन लेक्चर सुरू झालं की हेडफोन एकदम जुन्या लँडलाइनसारखा वाजायला लागतो आणि लोक लिहितात, ‘साउंड खराब’. ब्लूटूथ हेडफोनचा माइक चालू झाला की जोडणी कॉलच्या मोडमध्ये जाते आणि आवाज मोनो, पातळ होतो. हे कुठल्या एका कंपनीचं नाही. मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा, हेडफोन फक्त ऐकायला ठेवा, बहुतेक वेळा आवाज पूर्ववत होतो. हे रिव्ह्यूत लिहायची गरज नाही, पण करून बघा, नाहीतर चुकीच्या गोष्टीवर मत द्याल. गेम खेळत असाल तर अजून एक. व्हिडिओत ओठ आणि आवाज बरोबर जुळतात कारण ॲप चित्रालाच थोडं मागे थांबवतं. गेमला ती सोय नसते, म्हणून गोळी आधी सुटते आणि आवाज मागून येतो. यात वायरचं भोकही नाही, त्यामुळे गेमवाल्याला सांगायचं का, ते तुम्हीच ठरवा.

आता माझं रडगाणं, कारण माझं सगळ्यात जास्त नुकसान इथे झालं. मी ज्या संस्थेत शिकत होते (नाव घेत नाही) तिथे लेव्हलच्या शेवटी असाच रिव्ह्यू आला. थोडक्यात गेला. पेपर बघायला मागितला तर खिडकीवर उत्तर, पेपर दाखवायची पद्धत नाही. फेरतपासणीचा फॉर्म? तो दुसऱ्या टेबलावर. दुसऱ्या टेबलावरचे रजेवर. ते आले तेव्हा कळलं, फेरतपासणीची मुदत कालच संपली, आणि ही मुदत नोटीस बोर्डावर नव्हती, त्यांच्या वहीत होती! पुन्हा अख्खी लेव्हल, पुन्हा पूर्ण फी. गुण कशाकशाला आहेत हे तोवर मला एकानेही सांगितलं नव्हतं. आधीच्या होमवर्कवर पेन्सिलने लिहिलेला तो एक शेरा, बस.

पुढे दुसरीकडे गेले तर तिथे पहिल्याच दिवशी मार्किंगचा कागद हातात ठेवला. केंब्रिजच्या बी२ फर्स्टच्या धर्तीवरचा होता. त्या परीक्षेत लेखनाच्या दुसऱ्या भागात रिव्ह्यूचा पर्याय असतो, १४० ते १९० शब्दांचा, आणि आशय, वाचकाशी संवाद, मांडणी, भाषा या चारांना प्रत्येकी ५ पर्यंत गुण. आशयात बघतात ते एवढंच, की प्रश्नात मागितलेलं सगळं आलं का आणि वाचणाऱ्याला हवी ती माहिती पुरेशी मिळाली का. रिव्ह्यू वाचणाऱ्याला काय हवं असतं? ‘मी घेऊ का?’ याचं उत्तर. ते नसेल तर व्याकरण कितीही चोख असो, या रकान्यात मार बसतो. तुमची लेव्हल याच्या एक पायरी खाली असावी. त्या पायरीला, म्हणजे बी१ला, भाषेच्या पातळ्या ठरवणाऱ्या युरोपियन चौकटीत अपेक्षा अशी की माणसाला आपल्या मताची कारणं थोडक्यात देता यावीत. थोडक्यात. म्हणजे एका मताला एक सरळ कारण पुरतं, निबंध नको. तुमच्या क्लासचा कागद वेगळा असू शकतो, म्हणून पुढचा होमवर्क लिहिण्याआधी तो मागून घ्या, आणि तोंडी नको, मेलवर मागा. तोंडी मागितलेलं नंतर कोणाच्या लक्षात नसतं.

आता तुमच्याच हेडफोनवर एक परिच्छेद करून दाखवते. मुद्दाम मराठीत, इंग्रजी तुमचं तुम्ही करा, नाहीतर मॅडम पहिल्याच ओळीत ओळखतील:

“मी हा हेडफोन मुख्यतः लेक्चर ऐकायला वापरतो. १४७ ग्रॅम वजन डोक्यावर जाणवत नाही, पण कप कानावरच टेकत असल्यामुळे चष्म्याच्या काडीवर दाब येतो आणि तासाभराने तो मला काढून ठेवावा लागतो. सलग दोन तासांच्या लेक्चरला ही अडचण बॅटरीच्या ५० तासांपेक्षा माझ्यासाठी मोठी आहे. बोलण्याचा आवाज मात्र स्वच्छ येतो आणि शिक्षकांचं वाक्य मागे घेऊन ऐकावं लागत नाही. फोन आणि लॅपटॉप दोन्ही एकाच वेळी जोडलेले राहतात, हे मला सगळ्यात आवडलं. चष्मा नसेल आणि घरी बसून ऐकायचं असेल तर जरूर घ्या. बसमध्ये ऐकायचं असेल तर कान झाकणारा, नॉइज कॅन्सलिंगवाला शोधा, जास्त पैसे गेले तरी.”

यात आकडे दोनच आहेत आणि दोन्ही कशाच्या तरी तुलनेत आलेत. तुमचा कान दुखत नसेल तर ती ओळ खोटी होईल, ती काढा आणि जे खरंच खुपतं ते लिहा. काहीच खुपत नसेल तरी चालतं, रिव्ह्यूत तक्रार असलीच पाहिजे असा नियम नाही. काही शिक्षकांना एक गुण, एक दोष असा तराजू आवडतो. मला तो पटत नाही, कारण मग लोक रंगात दोष काढत बसतात.

शब्दांचं म्हणाल तर १५० मध्ये तीन मुद्दे मावतात, चौथा घातलात की सगळेच उपाशी. चार्जिंगचं वाक्य बेलाशक उडवा. दुसरा खर्डा इथे टाकलात तर वाचेन, पण इंग्रजी व्याकरण मला तपासायला सांगू नका, आर्टिकल्सच्या बाबतीत माझीच अजून बोंब आहे.