आधी आकृत्यांच्या परवानग्या, मग मथळे

सातारा

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

संपादित पुस्तकासाठी तू लिहिलेलं कास पठारावरच्या वनस्पतींबद्दलचं प्रकरण आणि संपादकांची स्टाइल शीट, दोन्ही नीट वाचलं. स्टाइल शीटमध्ये मथळे पहिल्या पानावर आहेत, मग संक्षेप, आणि उसन्या आकृत्यांची परवानगी अगदी शेवटी. तूही त्याच क्रमाने कामाला लागली आहेस. हा क्रम उलटा कर. मथळे तू एका बैठकीत सुधारशील, कारण ते तुझ्या हातात आहेत. परवानगी दुसऱ्याच्या हातात असते. तिचं उत्तर कधी चार मिनिटांत येतं, कधी दोन महिने येत नाही.

म्हणून आज लिहिणं बाजूला ठेव आणि आकृत्यांचा एक तक्ता कर. आकृतीचा क्रमांक, ती कुठून घेतली, हक्क कोणाचा, जशीच्या तशी घेतली की बदलून, परवानगी कधी मागितली, आणि आलेलं पत्र कोणत्या फाइलमध्ये आहे, एवढे रकाने पुरेत. तुझ्या सहा आकृत्या मी या नजरेने पाहिल्या, तेव्हा सहाही प्रकार वेगळे निघाले.

पहिली आकृती १८८५च्या सातारा जिल्हा गॅझेटियरमधला नकाशा. आपल्या कायद्यात सरकारी प्रकाशनाचा हक्क ६० वर्षं चालतो, म्हणजे तो केव्हाच संपला. परवानगी नको, पण खाली स्रोत लिहायचाच. सहावी आकृती, उपग्रहाच्या सेंटिनेल-२ चित्रांवरून तू स्वतः केलेला पठाराचा नकाशा. ती माहिती खुली आहे, मात्र पुढची ओळ खाली हवी, आणि वर्ष चित्र टिपल्याचं लिहायचं:

```
Contains modified Copernicus Sentinel data [year]
```

दुसरी आकृती वायतुऱ्याच्या फुलाचा फोटो, आपल्या गावातल्या छायाचित्रकाराने काढलेला. तू लिहितेस की त्याने व्हॉट्सॲपवर ‘वापर की’ असं कळवलंय. माणूस मनाचा मोठा आहे, पण एवढ्याने प्रकाशकाचं समाधान होणार नाही. कुठे वापर, किती काळ, छापील की ऑनलाइनही, यातलं काहीच त्या दोन शब्दांत नाही. अर्ध्या पानाचं पत्र तूच तयार कर. पुस्तकाचं नाव, प्रकाशक, कोणता फोटो, छापील आणि इलेक्ट्रॉनिक दोन्ही रूपांत, सर्व आवृत्त्यांत आणि जगभर वापरायला परवानगी, आणि श्रेय कोणत्या नावाने द्यायचं, एवढं त्यात घाल. भेटून सही घे, आणि मूळ फाइलही तेव्हाच माग. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो दाबून लहान झालेला असतो. तुझ्या स्टाइल शीटमध्ये फोटोसाठी ३०० डीपीआय मागितलेत. बारा सेंटिमीटर रुंद छापायचा, तर आडवे निदान १,४२० पिक्सेल लागतील.

तिसरी आकृती महत्त्वाची. जांभा खडकाचा तो उभा छेद तू एका वर्गणीच्या नियतकालिकातल्या लेखातून घेतला आहेस. तू लेखकाला ईमेल केलीस, त्यांनी आनंदाने होकार दिला, आणि तक्त्यात ‘परवानगी मिळाली’ असं लिहून मोकळी झालीस. बहुतेक वर्गणीच्या नियतकालिकांत लेखक हक्क प्रकाशकाच्या नावे करून देतो किंवा प्रकाशनाचा एकाधिकार त्याला देतो. तेव्हा त्यांचा होकार सौजन्याचा आहे, कायद्याने परवानगी प्रकाशकाची लागते. ती लेखाच्याच पानावरून मागता येते. तिथे `Get rights and content` किंवा `Reprints and permissions` असा दुवा असतो, तो बहुधा राइट्सलिंक या परवाने देणाऱ्या ऑनलाइन सेवेच्या फॉर्मवर नेतो.

फॉर्म भरताना सावकाश. तो विचारतो की वापर कशात आहे: पुस्तकात, प्रबंधात की सादरीकरणात. इथे घाईत प्रबंध निवडला, तर शून्य रुपयांचा परवाना लगेच हाती येतो, पण पुस्तकासाठी तो कामाचा नसतो. पुस्तकच निवड. ‘भाग’ म्हणून आकृती आणि तिची संख्या, स्वरूप छापील आणि इलेक्ट्रॉनिक दोन्ही, प्रतींचा अंदाज, पुस्तकाचं नाव आणि प्रकाशक. प्रतींचा अंदाज आणि पुस्तकाचं नाव मनाने भरू नकोस, संपादकांना विचार. त्याच ईमेलमध्ये आणखी दोन गोष्टी विचार.

एक, पुस्तक खुल्या परवान्याखाली निघणार आहे का. तसं असेल तर बाहेरून आणलेल्या आकृतीवर तो खुला परवाना लागू होत नाही. तशी सूचना आकृतीखाली द्यावी लागते, आणि काही हक्कदार खुल्या पुस्तकासाठी वेगळी अट किंवा वेगळी फी लावतात. परवाना घेतल्यावर हे कळलं, तर सगळं पुन्हा करावं लागतं. दुसरं, आपला प्रकाशक एसटीएम या प्रकाशकांच्या संघटनेच्या परवानगी-करारात सामील आहे का. सामील प्रकाशक एकमेकांना एका लेखातून तीनपर्यंत आकृत्या विनामूल्य वापरू देतात. दोन्ही बाजूचे प्रकाशक त्यात असतील, तर तुझ्या एका आकृतीची फी वाचेल. कुणाला तरीही अर्ज लागतो, कुणाला लागत नाही, ते त्यांच्या पानावर लिहिलेलं असतं. फी लागलीच, तर ती बहुतेक करारांत प्रकरणाच्या लेखकावर येते, म्हणून पैसे भरण्याआधी स्वतःचा करार वाच.

परवाना आला की त्यातली श्रेयाची ओळ जशीच्या तशी उतरव. ती साधारण अशी असते:

```
Reprinted from [journal], [volume], [authors], [title],
[pages], Copyright [year], with permission from [publisher].
```

तू सगळीकडे ‘स्रोत: अमुक, २०११’ एवढंच लिहिलंयस. ते संदर्भ देणं झालं. संदर्भाने ज्ञानाचं ऋण फिटतं, परवानगीची अट नाही.

चौथ्या आकृतीत तू जिथे निश्चिंत आहेस, तिथेच खरी अडचण आहे. परागीभवनाचं ते चित्र खुल्या आढावा-लेखातलं. लेखावर CC BY हा क्रिएटिव्ह कॉमन्सचा खुला परवाना आहे, म्हणजे श्रेय दिलं, परवान्याचा दुवा दिला आणि बदल केले असतील तर ते सांगितले की वापरता येतं, हे तुझं म्हणणं बरोबर. पण त्या आकृतीखालचं शेवटचं वाक्य वाच. तिथे लहान अक्षरांत लिहिलंय की ती दुसऱ्या नियतकालिकातून परवानगीने घेतली आहे. आढावा-लेखाच्या लेखकांना मिळालेली परवानगी त्यांच्या लेखापुरती होती. लेखाचा CC BY त्या आकृतीला लागू होत नाही, आणि तुला मूळ प्रकाशकाकडेच जावं लागेल. आढावा-लेखांतून चित्र उचलताना ही साखळी मागे जाऊन तपासायची, मूळ हक्कदार सापडेपर्यंत.

CCच्या अक्षरांकडेही लक्ष दे. NC असेल तर विक्रीच्या पुस्तकात सरळ वापरता येत नाही, आणि ND असेल तर बाणाचा रंग बदलून किंवा नावं मराठीत टाकूनसुद्धा छापता येत नाही.

‘मग मी ती पुन्हा काढते’ असं तू म्हणशील. तीच मांडणी, तेच बाण, तेच कीटक त्याच जागी ठेवून पुन्हा काढलेलं चित्र हे रूपांतरच. त्यालाही परवानगी लागते. पण त्या लेखातली निरीक्षणं आणि आकडे कुणाच्या मालकीचे नसतात. तू कासवर स्वतः नोंदवलेल्या भेटी घेऊन वेगळ्या मांडणीचा साधा आलेख केलास आणि मूळ लेखाचा संदर्भ दिलास, तर परवानगीचा प्रश्नच उरत नाही. मला विचारशील तर चौथी आकृती अशीच बदल. तुझ्या पठाराबद्दलच्या प्रकरणात तुझीच निरीक्षणं असणं जास्त मोलाचं आहे.

पाचवी आकृती तुझ्याच आधीच्या शोधनिबंधातला आलेख. ‘माझाच आहे’ हे पुरेसं नाही. त्या वेळी सही केलेला करार शोध. बरेच प्रकाशक लेखकाला स्वतःची आकृती पुस्तकात विनामूल्य वापरू देतात, पण ते करारात किंवा त्यांच्या नियमांत लिहिलेलं हवं, आणि श्रेयाची ओळ इथेही लागते.

परवानगी मागून उत्तर आलं नाही, तर मौन म्हणजे होकार समजायचा नाही. दोन स्मरणपत्रं पाठव आणि त्याच वेळी पर्यायी आकृती तयार करायला घे.

आता संक्षेप. नियम साधा आहे: पहिल्यांदा येईल तिथे पूर्ण नाव आणि कंसात संक्षेप, सारांशात एकदा, मजकुरात पुन्हा एकदा. ऑनलाइन प्रकरणं सुटी विकली जातात, त्यामुळे दुसऱ्या प्रकरणात दिलेला अर्थ तुझ्या वाचकापर्यंत पोचत नाही. पण तुझी अडचण नियमाच्या पलीकडची आहे. तू ESA हे पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रासाठी वापरलंस, आणि सेंटिनेलच्या परिच्छेदात तेच ESA युरोपीय अंतराळ संस्थेसाठी आलं. अवघ्या दोन पानांच्या अंतरावर! अंतराळ संस्थेचं नाव एकदाच येतं, ते पूर्णच लिही. तसंच E. या अक्षराचं. कासवर एरिओकॉलॉन, युफोर्बिया आणि युलोफिया तिन्ही आहेत आणि तिन्ही Eने सुरू होतात. जिथे यातल्या दोघांच्या जाती शेजारी येतात तिथे वंशनाम, म्हणजे जीनसचं नाव, पूर्ण ठेव, स्टाइल शीट काहीही म्हणो, आणि संपादकांना तसं कळव. वाक्याच्या सुरुवातीलाही वंशनाम तोडू नकोस. पर्यावरण मंत्रालयाचा संक्षेप २०१४ मध्ये नाव बदलल्यावर बदलला, म्हणून त्याआधीच्या कागदाला त्या वेळचंच नाव दे.

मथळ्यांबद्दल थोडंच. तू त्यांना हाताने ठळक केलंस आणि अक्षर मोठं केलंस. छपाईवाले तुझं ठळक अक्षर वाचत नाहीत, वर्डमधली `Heading 1`, `Heading 2` ही शैली वाचतात. ती लाव, म्हणजे अनुक्रमणिका आपोआप जुळेल. तीनच पातळ्या मागितल्यात, तू चौथी केलीस, ती परिच्छेदात मिसळून टाक. 5.3.1 आहे पण 5.3.2 नाही, तर 5.3.1ची गरजच नाही. मथळ्यात संक्षेप आणि संदर्भ नकोत. आणि ‘वर सांगितल्याप्रमाणे’ ऐवजी विभागाचा क्रमांक दे, कारण पान जुळवताना ‘वर’ कुठे जाईल हे आपल्याला ठाऊक नसतं.

आज संध्याकाळपर्यंत संपादकांना ती ईमेल जाऊ दे: पुस्तकाचं नाव, प्रतींचा अंदाज, खुला परवाना आणि एसटीएम. ते उत्तर येईपर्यंत राइट्सलिंकचा फॉर्म भरू नकोस. तोवर छायाचित्रकाराच्या पत्राचा मसुदा मला पाठव, मी वाचून परत देतो.

सस्नेह,
तुझे सर