डायरीतल्या प्रोसिजरच्या नोंदींवरून लॉगबुक कसं तयार करावं?

"मी जळगावला एमडी मेडिसिनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोसिजर खिशातल्या डायरीत टिपल्या आहेत. त्यावरून देखरेखीची पातळी आणि कौशल्य दाखवणारं लॉगबुक कसं भरू?"

मी धुळ्याकडे रेसिडेंट्सना शिकवतो. डायरीत सगळ्यात जास्त गोंधळ घालतो तो 'केली' हा शब्द. एलपीची, म्हणजे पाठीतलं पाणी सुईने काढण्याची, नोंद बघा: "एलपी केली, दुसऱ्या प्रयत्नात, सर होते." आता सर कुठे होते? शेजारी उभे होते, की सुई त्यांच्या हातात होती?

म्हणून आधी दोन रकाने वेगळे करा. पहिला देखरेखीचा: पाहिलं, मदत केली, देखरेखीखाली केलं, स्वतंत्रपणे केलं. तो केसपेपर आणि ड्युटी रोस्टर ताडून तुम्ही भरायचा. पुरावा सापडला नाही, तर खालची पातळी लिहा. दुसरा रकाना कौशल्याचा. तो ज्यांनी तुम्हाला ती प्रोसिजर करताना पाहिलंय त्यांनीच भरायचा.

वरचीच एलपी घ्या. समजा केसपेपरवरून कळलं की पहिल्यांदा सुई हाडाला लागली, सरांनी पेशंटचे गुडघे पोटाशी घ्यायला लावले, मग तुम्हीच पाणी काढलं. ही नोंद 'देखरेखीखाली केलं' अशीच जाईल. शेऱ्यात लिहा: पोझिशनसाठी सांगावं लागलं, जागा ओळखणं आणि नमुने घेणं स्वतः. पहिली बाटली लालसर आणि तिसरी स्वच्छ आली असेल, तर सुईने रक्त आलं असावं, तेही लिहा. पेशंटचं नाव नको, आयपीडी नंबर पुरे.

संमतीचीही नोंद ठेवा. पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो, ही भीती आपल्याकडे घरोघर आहे. ती अहिराणीत समजावून दूर करता येणं हाही त्या कौशल्याचाच भाग, आणि तो तपासणारे फार थोडे.

रात्री तीनला वॉर्डात कुणी नव्हतं म्हणून एकट्याने केलेली एलपी बरेच जण 'स्वतंत्रपणे' मध्ये टाकतात. मला हे पटत नाही. ती फक्त देखरेखीविना झाली. तुम्ही पात्र आहात असं कुणी ठरवलेलं नव्हतं. तिथे 'एकट्याने, वरिष्ठ फोनवर' किंवा 'वरिष्ठ उपलब्ध नव्हते' असं जसं होतं तसं लिहा.

जुन्या नोंदींवर आता मागच्या तारखेने कौशल्याच्या सह्या गोळा करू नका. आठवणीवर दिलेला शेरा सगळ्यांना सारखाच, 'चांगलं', असा येतो. त्यापेक्षा पुढची एलपी लागेल तेव्हा गाईडना सांगून डॉप्सचा, म्हणजे प्रोसिजर प्रत्यक्ष पाहून कौशल्य तपासण्याचा, फॉर्म घेऊन जा. ते संमतीपासून सुईत स्टायलेट परत घालून ती बाहेर काढेपर्यंत पाहतील आणि तिथेच काय चुकलं ते सांगतील. कौशल्याच्या रकान्यात त्या दिवसाची तारीख पडेल. आधीच्या नोंदींत तो रकाना रिकामा राहिला तरी चालेल.