नाण्याचा संदर्भ कसा द्यावा

नाशिक

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

सातवाहनांवरचा तुझा निबंध काल रात्री वाचून झाला. मांडणी चांगली जमली आहे, तेव्हा त्यावर इथे काही लिहीत नाही. हे पत्र आहे ते पान 6 वरच्या नाण्याच्या चित्रासाठी. त्याखाली तू लिहिलं आहेस, ‘जोगळटेंभीचे नाणे, इ.स. दुसरे शतक. स्रोत : इंटरनेट’.

जोगळटेंभी आपल्या नाशिकजवळच आहे. 1906 साली तिथे 13,000 हून अधिक चांदीची नाणी एकत्र सापडली. मग तुझं नाणं त्यातलं नेमकं कोणतं? त्या ढिगातली 9,000 हून जास्त नाणी मुळात क्षत्रप राजा नहपानाची, पण त्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. उरलेली तशीच, फक्त नहपानाची. तुझ्या चित्रात नहपानाच्या चेहऱ्यावरून कमानींची टेकडी उमटली आहे, खाली नागमोडी रेघही दिसते. म्हणजे हे पुन्हा छापलेलं नाणं. एकाच नाण्याला दोन राजे आणि दोन काळ आहेत, आणि तुझ्या ‘दुसरे शतक’ या शब्दांतून त्यातलं काहीच कळत नाही. शिवाय या दोघांच्या काळाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. म्हणून शतक लिहायचं तर ते कोणाच्या मते, हेही लिहावं लागेल. संग्रहालयाने दिलेला काळ घेतलास तर ‘संग्रहालयाच्या नोंदीनुसार’ असं म्हण.

संग्रहालयातल्या वस्तूची खरी ओळख म्हणजे तिचा नोंदणी क्रमांक. एकाच साच्याची शेकडो नाणी असतात, क्रमांक मात्र एकाचाच असतो. तो स्वल्पविराम, टिंब, तिरकी रेघ यांसकट जसाच्या तसा उतरव. ब्रिटिश म्युझियमच्या क्रमांकात बहुधा आधी वर्ष, मग महिना आणि दिवस, शेवटी अनुक्रम असतो. ते वर्ष वस्तू संग्रहात दाखल झाल्याचं, घडवल्याचं नव्हे. एका विद्यार्थ्याने तेच वर्ष शिल्पाच्या नावापुढे लिहिलं होतं आणि शिल्प हजारेक वर्षांनी तरुण झालं होतं.

तुझी तळटीप साधारण अशी व्हावी :

‘नहपानाचे नाणे, गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा छापलेले, चांदी, जोगळटेंभी निधी, संग्रहालयाचे नाव, शहर, नोंदणी क्रमांक, दर्शनी बाजू. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरील छायाचित्र, पाहिल्याची तारीख.’

शेवटचं वाक्य गाळू नकोस. तू नाणं पाहिलेलं नाहीस, नाण्याचा फोटो पाहिला आहेस. पुस्तकातून घेतला असता तर तिथे पुस्तकाचं पान आणि चित्रक्रमांक आला असता. फोटो कधीकधी उलटाही छापला जातो. नहपानाचा चेहरा उजवीकडे बघतो. तो डावीकडे बघताना दिसला आणि अक्षरंही आरशातल्यासारखी वाटली, तर तो फोटो वापरूच नकोस. लिलावाच्या साइटवरचं चित्रही शक्यतो टाळ. नाणं विकलं गेलं की ते पुन्हा कुठे पाहायचं हे कोणालाच सांगता येत नाही, आणि जोगळटेंभी हे नाव तिथे केवळ विक्रेत्याच्या शब्दावर असतं.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. तरुणपणी मुंबईच्या एका संग्रहालयात अर्धा दिवस वही भरली. वस्तूंची नावं उतरवली, मापं उतरवली, पण पाटीच्या कोपऱ्यातले बारीक आकडे सोडले. पुढे त्या आकड्यांसाठी रेल्वेने पुन्हा मुंबई गाठली, तर दालन बदललेलं आणि माझ्या दोन वस्तू कोठारात गेलेल्या. तेव्हापासून मी आधी क्रमांक लिहितो, मग वस्तू बघतो.

पांडवलेण्यांच्या जुन्या फोटोलाही हेच लागू आहे. लेण्याचा काळ वेगळा, फोटो काढल्याचा वेगळा. तळटीप फोटोची असते, म्हणून छायाचित्रकार, फोटोचं साल आणि तो ज्या संग्रहात आहे तिथला क्रमांक दे. लेणं क्रमांक 3 हे फोटोचा विषय म्हणून येईल. हाताने काढलेल्या चित्रांचंही तसंच.

नकाशात सर्वेक्षणाचं साल आणि छपाईचं साल अशी दोन्ही बघ, कारण रस्ते पहिल्या सालातले असतात. ‘सर्व्हे ऑफ इंडियाचा नाशिकचा नकाशा’ एवढं पुरत नाही. 20 अंश उत्तर अक्षांश आपल्या शहरातूनच जातो आणि जुन्या मालिकेतले नकाशे तिथेच तुटतात : पंचवटीची वरची बाजू 46 एच या पत्रकात, पांडवलेणी 47 ई या पत्रकात. म्हणून पत्रकाचा क्रमांक आणि प्रमाण दोन्ही लिही.

आता ते चित्र पुन्हा शोध. नोंदणी क्रमांक सापडला तर रविवारी कळव. नाही सापडला तर तेवढं चित्र काढून दुसरं घे, अंजनेरीच्या नाणेसंग्रहालयात आपण सोबत जाऊ.

तुझा,
काका