नायट्याची गोळी सुरू झाली आणि झोप वाढली

प्रश्न: आई रोज रात्री अल्प्राझोलम ही झोपेची गोळी घेते. नायट्यासाठी इट्राकोनाझोल सुरू झाल्यापासून दुपारपर्यंत पेंगत असते. असं का?

उत्तर: अल्प्राझोलमचा निचरा यकृतातलं सीवायपी३ए४ हे एन्झाइम करतं आणि इट्राकोनाझोल नेमकं तेच अडवतं. एरवी रक्तातलं अल्प्राझोलम निम्मं व्हायला साधारण १५ तास लागतात, या जोडीत ४०च्या आसपास. कालची गोळी उतरायच्या आत आजची पडते, म्हणून ही जोडी टाळायचीच असते. अँटिबायोटिक्समध्ये क्लॅरिथ्रोमायसिनही असंच अडवतं, अ‍ॅझिथ्रोमायसिन फारसं नाही.

आज रात्रीच्या गोळीआधीच डॉक्टरांना फोन करा. अनेक दिवसांची झोपेची गोळी मनाने एकदम तोडू नका, झटके येऊ शकतात. हाक मारूनही नीट जाग येत नसेल तर थेट दवाखान्यात न्या. इट्राकोनाझोल थांबवल्यावरही हा परिणाम आठवडा-दोन आठवडे रेंगाळू शकतो.