मेथडिंगच्या साहेबांना पाठवायचा मेसेज

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझा कच्चा मेसेज वाचला. ‘सर, मला फौंड्री लाईनमध्ये पुढं जायचंय, तुमचं मार्गदर्शन लाभावं ही विनंती.’ नम्र आहे, पण साहेबांनी नेमकं करायचं काय, हे त्यात कुठंच नाही. त्यांचं आयुष्य मेथडिंगमध्ये गेलं, आताही शिरोलीत सल्ल्यासाठी त्यांना बोलावतात. असल्या मेसेजला ते ‘या की कधीतरी’ म्हणतील. त्यात नकार नाही, पण दिवसही नाही. तू वाट बघत बसशील आणि ते विसरून जातील.

मी असा लिहिला असता:

‘नमस्कार सर. मी गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. आमच्या एका एसजी आयर्नच्या जॉबला जाड बॉसच्या मुळाशी पोकळी येते. कापून बघितलं, आतली भिंत खडबडीत आहे, म्हणून ब्लोहोल नसून श्रिंकेज असावं असं वाटतं. पण रायझर तिथंच का दिला, एवढाच का घेतला, हे मला सांगता येत नाही. मला दोन गोष्टी शिकायच्या आहेत: रायझरची जागा कशी ठरवायची आणि एसजीत ग्राफाइटच्या फुगण्यावर कितपत भरवसा ठेवायचा. पंधरा दिवसांतून एकदा पाऊण तास, असे तीन महिने द्याल का? एकूण सहा भेटी होतील. तुम्ही सांगाल तिथं, सांगाल त्या वेळी येईन, प्रश्न आदल्या दिवशी पाठवीन. पहिल्या भेटीनंतर जमणार नाही असं वाटलं तर मोकळेपणानं सांगा.’

यातलं खडबडीत भिंतीचं वाक्य गाळू नकोस. गॅसमुळं पडलेलं भोक आतून बहुधा गुळगुळीत, चकचकीत असतं. श्रिंकेजची पोकळी ओबडधोबड असते. तेवढं बघून तू आलायस हे त्यांना एका ओळीत कळतं, आणि पहिली भेट तिथून पुढं सुरू होते.

विषय निवडताना एक चाळणी लाव. मोड्युलस म्हणजे घनफळ भागिले थंड होणारं पृष्ठफळ, हे पुस्तकात आहे. त्यासाठी त्यांचा पाऊण तास घालवू नकोस. एसजी गोठताना ग्राफाइट बाहेर पडतं, फुगतं, आणि धातू आकसल्यानं पडणारी बरीचशी तूट आपली आपणच भरून काढतो, हेही पुस्तकात आहे. पण ग्रीन सँडचा मोल्ड नीट कडक नसेल तर तेच फुगणं मोल्डची भिंत बाहेर ढकलतं, जॉब मापाला वाढतो आणि आत पोकळी राहते. मग तुमच्या मोल्डवर रायझर किती कमी करायचा? इथं गणित अर्ध्यावर सोडतं. पुढचं, शेकडो जॉब कापून बघितलेल्या माणसालाच विचारावं लागतं. ‘कास्टिंगचे दोष शिकवा’ म्हणालास तर मात्र सहाच्या सहा भेटी वाळूच्या ओलाव्यातच संपतील.

आता जरा नाजूक बाब. साहेब सल्ल्याचे पैसे घेतात, आणि घ्यावेतच. ‘आमचं रिजेक्शन कमी करून द्या’ हे फुकटात मागितलेलं काम होतं. तुझ्या प्रश्नाच्या उत्तरानं याच महिन्यात मालकाचा फायदा होणार असेल, तर तो प्रश्न मालकानं फी देऊन विचारायचा आहे. रायझर का दिला हे समजून घेणं तुझं. कुठला द्यायचा हे ठरवून घेणं कंपनीचं. साहेबांना हा फरक लगेच कळतो, आणि तो तुलाही कळतो असं दिसलं तर ते मोकळं बोलतील.

ग्राहकाचं ड्रॉइंग मात्र मोबाईलवर पाठवू नकोस, मागितलं तरी नाही. उद्या ते तुमच्याच ग्राहकाच्या दुसऱ्या सप्लायरकडं बसलेले असतील; त्यांचीही पंचाईत आणि तुझीही. भिंत कुठं जाड, कुठं बारीक, एवढं दाखवणारं हातानं काढलेलं रेखाचित्र पुरतं. त्यावर पार्ट नंबर, ग्राहकाचं नाव काही नको. कापलेल्या तुकड्याचा फोटोसुद्धा आधी तुझ्या मॅनेजरला विचारूनच दाखव.

महिनाअखेरीला पाठवू नकोस. डिस्पॅचच्या घाईत त्यांचाही फोन दिवसभर वाजत असतो. दहा-बारा दिवस उत्तर आलं नाही तर एकदाच आठवण कर, तीही मूळ मेसेजला जोडून, म्हणजे त्यांना वर शोधत बसावं लागणार नाही. त्यानंतर गप्प बस. ‘सहा नाही, दोनदा ये’ म्हणाले तर घासाघीस न करता हो म्हण, आणि ग्राफाइटचा विषय आधी घे. रायझरच्या जागेबद्दल तुमच्या मेथडिंगवाल्यालाही विचारता येईल. चहाला ने त्याला.

मेसेज कितीही आवडला तरी जसाच्या तसा उचलू नकोस. बॉसऐवजी तुमचा जॉब जिथं खरोखर फसतो ती जागा लिही.

तुझा,
काका