मामाची उलटी दाढी

प्रश्न: स्किन सेन्सिटिव्ह आहे आणि रोज दाढी करावी लागते. इलेक्ट्रिक शेव्हर घेऊ की सेफ्टी रेझर?

सेफ्टी रेझर. पण उलटा हात मारणार असाल तर दोन्ही घेऊ नका.

मी चाकणला एका कारखान्यात पेंट शॉपला आहे. खुंट वाढले की रेस्पिरेटर चेहऱ्याला घट्ट बसत नाही, कडेनं वाफ आत येते. त्यामुळे कामाच्या दिवशी पहाटे पाचला दाढी ठरलेली. ती शिकवली मामानं. मामा नारायण पेठेतला, त्यामुळे मत ठाम: आधी सुलटी, मग उलटी, गाल काचेसारखा लागला पाहिजे. दोन महिन्यांत कॉलर घासते तिथं लाल पुटकुळ्या आल्या. मामा म्हणाला, "तुरटी फिरव." तुरटीनं कापल्याचं रक्त थांबतं. पुटकुळ्या होत्या तिथंच राहिल्या, वर आग.

मग जाळीवाला शेव्हर आणला. मंगळवार ते शनिवार बरा चालायचा, सोमवारी घात. सुट्टीला वाढलेले केस मानेवर आडवे पडतात, जाळीच्या भोकात शिरत नाहीत. मग मी दाबून दहादा तिथंच फिरवायचो, तेही आंघोळ करून आल्यावर ओलसर मानेवर. मान सोलून निघायची. यात मशीनची चूक नव्हती, हे आता कबूल करतो.

एकदा रजेवर तीन दिवस दाढी ठेवली आणि खिडकीशी उभं राहून मानेवरून बोट फिरवलं. डाव्या जबड्याखाली केस खाली जातच नव्हते, कानाकडे वर जात होते. म्हणजे माझी तिथली 'सुलटी' दाढी आजवर उलटीच होत होती! कातडी ताणून उलटं कापलं की केसाचं टोक कातडीच्या आत जातं आणि वाढताना वाकून आतल्या आत टोचतं. पुटकुळी होते ती त्यानं.

आता चेहरा दोन-तीन मिनिटं कोमट पाण्यानं भिजवतो, ब्रशनं फेस करतो, रेझर कातडीशी साधारण 30 अंशांत धरून त्याच्या वजनावरच सोडतो. केस जातील तसा एकच हात. चार-पाच दाढ्यांनंतर पातं बदलतो. महिन्याभरात मानेवरच्या पुटकुळ्या बसल्या. संध्याकाळी थोडं खरखरीत लागतं, लागू दे. मास्क बसतो.

तुमचे केस कुरळे असतील आणि एवढं करूनही पुटकुळ्या आल्या, तर मात्र शेव्हरच बरा. जाळी मध्ये असल्यानं केस कातडीच्या किंचित वर कापला जातो. कोरड्या चेहऱ्यावर, न दाबता, एकही दिवस न चुकवता. पू झाला तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

दिवाळीला मामानं माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाला, "अर्धीच केलीस की रे!" तो स्वतः तीस वर्षं दाढीनंतर मानेला पावडर थापतोय. का थापतोस, असं विचारलं. अजून उत्तर आलेलं नाही.